ड्रॉपर, झाकण आणि सिरिंज: बाळाच्या औषधाची रेघ नेमकी कुठे वाचायची

प्रश्न: माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे, वजन 8 किलो. तापासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स 1 मिली लिहून दिले होते. काल रात्री ते संपले. घरात मोठ्या मुलाचं पॅरासिटामॉलचं सिरप आहे, पण त्याच्या झाकणावर पहिली खूणच 2.5 ची आहे. शिवाय पाणी घेऊन पाहिलं तर ड्रॉपर, झाकण आणि सिरिंज या तिघांचं माप एकमेकांशी जुळत नाही. खरं कुठलं मानायचं, आणि सिरिंजवरची रेघ नेमकी कुठे वाचायची?

उत्तर:

तिघांत सिरिंजचं माप खरं माना. पण सिरिंज हातात घेण्याआधी सिरपची बाटली उजेडात धरा आणि लेबलवरची एकच ओळ शोधा: किती मिलीमध्ये किती मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. मी 22 वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. चुकीच्या मापाची जी प्रकरणं माझ्यासमोर आली, त्यांतल्या बऱ्याच वेळा रेघ बरोबर वाचली होती, बाटलीच वेगळी होती.

डॉक्टरांनी तुम्हाला 1 मिली लिहून दिलं ते ड्रॉप्ससाठी. पॅरासिटामॉलचे लहान बाळांचे ड्रॉप्स आपल्याकडे बहुतेक 1 मिलीत 100 मिलिग्रॅम अशा ताकदीचे असतात. म्हणजे डॉक्टरांच्या मनातला डोस 100 मिलिग्रॅमचा होता. 8 किलोच्या बाळाला तो किलोमागे साडेबारा मिलिग्रॅम पडतो. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम धरतात, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो. आता मोठ्या मुलाचं सिरप बघा. ते दोन ताकदींत सर्रास मिळतं: एकात 5 मिलीमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतात, दुसऱ्यात 5 मिलीमध्ये 250. या दुसऱ्याला दुकानात 'डीएस' किंवा नुसतं 'अडीचशेवालं' म्हणतात. दोन्ही खोकी सारखीच दिसतात, चवही बरेचदा तीच, आणि घराघरात दोन्हींना 'तापाचं सिरप' एवढंच म्हणतात.

तुमच्या बाटलीवर 5 मिलीत 250 असेल, तर 250 ला 5 ने भागा. 1 मिलीत 50 मिलिग्रॅम येतात. आपल्याला 100 हवेत, म्हणजे 2 मिली. बाटली 125 ची असेल तर 1 मिलीत 25 मिलिग्रॅम, म्हणजे 4 मिली. 120 ची असली तरी 4 मिलीच द्या. त्यात 96 मिलिग्रॅम जातात, आणि त्या चार मिलिग्रॅमच्या फरकाने बाळाच्या तापाला काही फरक पडत नाही. म्हणजे तोच डोस ड्रॉप्सचा 1 मिली, एका सिरपचा 2 मिली आणि दुसऱ्याचा 4 मिली. मिलीचा आकडा एका बाटलीवरून उचलून दुसरीवर कधीच ठेवायचा नाही. न्यायचे असतात ते मिलिग्रॅम.

उलट्या दिशेने गेलं तर हीच गोष्ट जास्त धोक्याची आहे. 'अमुक सिरप 4 मिली द्या' असं फोनवर ऐकलं आणि हाताला ड्रॉप्सची बाटली लागली, तर तेच 4 मिली म्हणजे 400 मिलिग्रॅम, ठरलेल्याच्या चौपट. हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतही बाळांचे ड्रॉप्स जास्त तीव्र आणि मुलांचं सिरप सौम्य असा प्रकार होता. चुका थांबेनात, म्हणून 2011 साली तिथल्या उत्पादकांनी तीव्र ड्रॉप्स बंद करून बाळांसाठीही मुलांच्या सिरपचीच 5 मिलीत 160 मिलिग्रॅम ही ताकद ठेवली. आपल्याकडे अजून तीनही ताकदी शेजारीशेजारी एकाच फळीवर असतात. म्हणून बाटली बदलताना डॉक्टरांना किंवा दुकानात एक फोन करा, लेबलवरची ती ओळ मोठ्याने वाचून दाखवा आणि तुमचा आकडा पडताळून घ्या. रात्री बारा वाजता फोन आला म्हणून आमच्यातलं कुणी रागावत नाही.

आता तिघांचं माप का जुळत नाही ते बघू.

आधी झाकण. सिरपसोबत येणारं मापाचं झाकण साधारण अडीच सेंटिमीटर रुंद असतं. एवढ्या रुंदीत 2 मिली औषध ओतलं तर ते तळाशी जेमतेम 4 मिलिमीटर उंच उभं राहतं. तुमची नजर 1 मिलिमीटरने वरखाली झाली की जवळपास अर्धा मिली इकडचा तिकडे होतो. 2 मिलीच्या डोसात अर्धा मिली म्हणजे पाव हिस्सा. त्याउलट 5 मिलीच्या सिरिंजची नळी आतून 12 मिलिमीटरच्या आसपास असते. तेच 2 मिली तिच्यात पावणेदोन सेंटिमीटर लांब पसरतं, आणि 1 मिलिमीटरची चूक साधारण दशांश मिलीचीच होते. औषध तेच, चूक तेवढीच, फक्त भांडं अरुंद. सिरिंजवर भरवसा ठेवायचं खरं कारण हे आहे. अमेरिकेत 2,000 हून अधिक पालकांना प्रत्यक्ष औषध मोजायला लावून केलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात कपाने मोजताना चुका सिरिंजपेक्षा कितीतरी जास्त झाल्या, आणि डोस लहान असताना तर अधिकच.

म्हणून माझा साधा नियम असा आहे: 5 मिलीच्या आतला कुठलाही डोस झाकणाने मोजायचा नाही. तुमच्या झाकणावर 2.5 ची खूण पहिली आहे, आणि तिच्या 'जरा खाली' 2 मिली असेल असा अंदाज बांधणं तर मुळीच नको. झाकण निमुळतं असतं, तळाला त्याला जाडी असते, त्यामुळे खुणांमधलं अंतर सारखं नसतं.

मोठ्या मुलाला 5 किंवा 10 मिली द्यायचं असेल तेव्हा झाकण चालेल, पण हातात धरून नव्हे. ओट्यावर ठेवा, वाका, डोळे खुणेच्या पातळीवर आणा आणि मग ओता. वरून पाहिलं की औषध खुणेला लागलेलं वाटतं आणि प्रत्यक्षात कमी असतं. पातळ औषध भिंतीपाशी किंचित वर चढतं आणि मध्ये खोलगट होतं. वाचायचं ते मधला खोलगट भाग जिथे टेकतो तिथे, भिंतीला चढलेल्या कडेवर नाही. पारदर्शक प्लास्टिकवर त्याच प्लास्टिकचे उठावदार आकडे असतील तर झाकणाच्या मागे गडद रंगाचा कागद धरा, आकडे लगेच दिसतात. घट्ट सिरपचा थोडा भाग भिंतीला चिकटून राहतोच. मूल पिऊन झालं की झाकणात चमचाभर पाणी घालून तेही पाजा.

झाकणांबद्दल आणखी एक. घरात चार बाटल्या झाल्या की झाकणं आपसात बदलतात. कुठल्या झाकणावर 2.5, 5, 10 असतं, कुठल्यावर 5, 10, 15. आई रोज 'पहिल्या रेघेपर्यंत' देत असते, आणि झाकण बदललं की पहिली रेघच दुप्पट होते. रेघ मोजू नका, आकडा वाचा. चमच्याने मोजायचं असेल तर मी नाहीच म्हणेन. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'एक चमचा' लिहिलं तर त्यांना 5 मिली अभिप्रेत असतं, पण आपल्या घरातला चहाचा चमचा वेगळा, पोह्यांचा वेगळा. ग्रीसमध्ये घराघरातले चहाचे चमचे गोळा करून मोजले, त्याचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. सगळ्यात लहान चमच्यात 2.5 मिली मावलं आणि सगळ्यात मोठ्यात 7.3.

ड्रॉपरचा प्रश्न वेगळा आहे. ड्रॉपर अरुंद असतो, तेव्हा माप बारीक यायला हरकत नसते, पण तो फक्त त्याच्या स्वतःच्या बाटलीसाठी बनवलेला असतो. काहींवर फक्त 0.5 आणि 1 अशा दोन खुणा असतात, काहींवर 0.3 आणि 0.6, काहींवर एकच. व्हिटॅमिन डी च्या ड्रॉप्सचं उदाहरण घ्या. एका कंपनीच्या 1 मिलीत 400 एकक असतात, दुसरीच्या 800. डॉक्टरांनी 400 सांगितले असतील तर एकाचा पूर्ण ड्रॉपर भरायचा, दुसऱ्याचा अर्धा. बाटली संपली आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. जुनी बाटली फेकताना तिचा ड्रॉपरही फेका. धुऊन 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला ड्रॉपर पुढच्या वेळी कुठल्यातरी भलत्याच बाटलीत जातो.

तुमच्या ड्रॉपरचं माप सिरिंजशी जुळलं नाही त्याचं कारण बहुधा हवा असेल. रबराचा फुगा दाबून टोक औषधात बुडवायचं आणि मग सावकाश सोडायचं. टोक औषधाच्या वर राहिलं किंवा घाईने सोडलं की मध्ये हवेचा तुकडा अडकतो, आणि वरची पातळी खुणेला लागलेली असली तरी खाली पोकळी असते. भरल्यावर ड्रॉपर उभा धरून पाहा. टोकापासून खुणेपर्यंत औषधाची सलग कांडी दिसली पाहिजे. दुसरं कारण म्हणजे रिकामा करताना एकदाच दाबून शेवटचे काही थेंब आत राहतात. आणि थेंब मोजून 20 थेंबांचा 1 मिली होतो हा हिशेब पाण्याचा आहे. घट्ट औषधाचा थेंब वेगळ्या आकाराचा पडतो, ड्रॉपर तिरपा धरला तरी बदलतो. डॉक्टरांनी थेंबांत सांगितलं असेल तर त्याच बाटलीच्या ड्रॉपरने, तो सरळ उभा धरून थेंब पाडा. मिलीत सांगितलं असेल तर थेंबांत रूपांतर करू नका.

आता सिरिंज. तोंडाने द्यायच्या औषधाची खास सिरिंज असते. तिच्या तोटीवर इंजेक्शनची सुई बसतच नाही, आणि ते मुद्दाम केलेलं असतं. तोंडाने द्यायचं औषध चुकून शिरेत जाऊ नये यासाठी. काही औषधांच्या खोक्यात ती सोबत येते, मोठ्या शहरांत सुटीही मिळते. पण आपल्याकडे बहुतेक घरांत इंजेक्शनचीच सिरिंज सुई काढून वापरतात, आणि मला त्यात वावगं वाटत नाही, फक्त दोन गोष्टी पाळा. सुई दुकानातच काढून द्यायला सांगा, घरी नेऊन कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. आणि तोटीवर किंवा सुईवर असलेलं छोटं पारदर्शक टोपण तिथेच टाकून या. ते एवढंसं असतं की हातात धरताना दिसतही नाही. दट्ट्या दाबल्यावर ते उडून बाळाच्या घशात अडकल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

एक सिरिंज मात्र कधीही घेऊ नका: आजी-आजोबांची इन्सुलिनची. ती बारीक असते, रेघा स्पष्ट असतात, म्हणून मोह होतो. पण तिच्यावरचे आकडे मिलीचे नसून इन्सुलिनच्या एककांचे असतात. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 1 मिलीचे 40 भाग केलेले असतात, नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये 100. तिथे '10' चा आकडा पहिलीत पाव मिली असतो आणि दुसरीत दशांश मिली.

सिरिंज किती मोठी घ्यायची? डोस जिच्यात एकदाच मावेल अशी सगळ्यात लहान. तुमची बाटली 250 ची धरली, तर 2 मिलीच्या डोसासाठी 2 मिलीची उत्तम, 5 ची चालेल, 10 ची नको. 10 मिलीच्या सिरिंजवर बहुतेक अर्ध्या-अर्ध्या मिलीच्याच रेघा असतात. अर्धा मिली किंवा त्याहून कमी द्यायचं असेल तर 1 मिलीची मागा.

रेघ वाचण्याची खरी गंमत 5 मिलीच्या सिरिंजवर आहे, म्हणून तिथे जरा थांबते. गेल्या पावसाळ्यात एक वडील आले. बाळाला अँटिबायोटिक चालू होतं, डोस 1.4 मिली. बाळाला जुलाब होत होते आणि 'औषध बदलून द्या' असं त्यांचं म्हणणं होतं. अँटिबायोटिकने जुलाब होऊ शकतातच, पण सवयीने मी म्हटलं, 'घेता कसं ते दाखवा.' काउंटरवर पाण्याची वाटी ठेवली, सिरिंज दिली. त्यांनी दट्ट्या 1 च्या आकड्यापर्यंत ओढला, मग पुढच्या रेघा बोटाने मोजल्या: एक, दोन, तीन, चार. चौथ्या रेघेवर थांबले आणि म्हणाले, 'हे 1.4.' ते 1.8 होतं. त्या सिरिंजवर 1 आणि 2 यांच्यामध्ये पाचच घरं होती, म्हणजे प्रत्येक घर 0.2 चं. मोजपट्टीची सवय असलेल्या माणसाला प्रत्येक रेघ दशांशाची वाटते, आणि त्यात त्या बिचाऱ्याची चूक नव्हती, कारण देताना कुणी सांगितलंच नव्हतं. चार दिवस बाळाला दर वेळी पाऊण-एक चमचा नव्हे, पण 0.4 मिली जास्त जात होतं. डोसाच्या जवळजवळ 30 टक्के. मी डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी डोस बरोबर देत राहायला सांगितलं.

तेव्हा नवी सिरिंज हातात आली की पहिलं काम हे: दोन लागोपाठच्या आकड्यांमधली घरं मोजा, रेघा नव्हे, घरं. 1 आणि 2 यांच्यामध्ये 5 घरं असतील तर एक घर 0.2 चं. 10 घरं असतील तर 0.1 चं. 2 मिलीच्या सिरिंजवर बहुतेक 10 असतात. त्यामुळे घरात दोन आकारांच्या सिरिंज असतील तर 'आकड्यानंतर दुसरी रेघ' हे वाक्य एकीवर 0.4 होतं आणि दुसरीवर 0.2. सासूबाईंना किंवा पाळणाघरात सांगताना रेघ कितवी ते सांगू नका. सिरिंज दाखवा.

दुसरं, दट्ट्याचा कुठला भाग वाचायचा. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर असतं. नीट पाहा: पुढे एक उंचवटा किंवा शंकूसारखं टोक, मग नळीला घट्ट चिकटलेलं एक कडं, मधे थोडी जागा, आणि मागे दुसरं कडं. वाचायचं ते पुढच्या कड्यापाशी, म्हणजे तोटीच्या बाजूला रबर नळीच्या भिंतीला जिथे पहिल्यांदा टेकतं तिथे. पुढे आलेलं टोक वाचलं तर औषध जास्त घेतलं जातं, मागचं कडं वाचलं तर कमी. सिरिंज डोळ्यांसमोर आडवी धरण्यापेक्षा तोटी वर करून उभी धरा आणि ते कडं नजरेच्या रेषेत आणा.

तोटी वर करायची ती बुडबुड्यासाठीही. हवा असेल तर नळीला नखाने दोन टिचक्या मारा, बुडबुडा वर येतो. दट्ट्या हळूच दाबून हवा बाहेर काढा आणि कमी पडलं तेवढं औषध पुन्हा ओढा. बुडबुडा पोटात गेला तर बाळाला अपाय होत नाही, पण जेवढी जागा हवेने व्यापली तेवढं औषध कमी असतं. 2 मिलीच्या सिरिंजमधला हरभऱ्याएवढा बुडबुडा डोस चांगलाच कमी करतो. आणि औषध देऊन झाल्यावर तोटीत जे थेंबभर उरतं ते उरू द्या. ते मापात धरलेलंच नसतं. झाकण धुऊन पाजायचं, सिरिंज मात्र धुऊन पाजायची नाही, हा फरक लक्षात ठेवा.

तुमच्या रात्रीचा डोस मी असा घेतला असता. बाटली 250 ची आहे हे पाहिलं. बाटली चांगली हलवली. पॅरासिटामॉलचं हे औषध बहुधा सस्पेन्शन असतं, भुकटी तळाशी बसते, न हलवता दिलं तर आज फिकं आणि बाटली संपताना दाट. हलवल्यावर मिनिटभर फेस बसू दिला, कारण फेस सिरिंजमध्ये ओढला की बुडबुडेच बुडबुडे होतात. स्वच्छ कोरड्या वाटीत थोडं ओतलं, तोटी बुडवून 2 च्या थोडं पुढे ओढलं, सिरिंज उभी केली, हवा काढली आणि पुढचं कडं बरोबर 2 वर आणलं. वाटीत उरलेलं बाटलीत परत ओतायचं नाही. मग बाळाला मांडीवर निजवण्याऐवजी अर्धवट बसतं धरलं, तोटी गालाच्या आत, हिरडीच्या कडेला ठेवली आणि अर्धा-अर्धा मिली सोडत गेले, प्रत्येक वेळी गिळेपर्यंत थांबून. घशाच्या मागे जोरात मारलं की बाळ गुदमरतं, आणि पुढच्या वेळी सिरिंज दिसताच तोंड मिटून घेतं.

बऱ्याच घरांत अजून बोंडल्यानेच पाजतात. हरकत नाही, फक्त बोंडल्यात मोजू नका. सिरिंजने मोजून त्यात सोडा, आणि शेवटी दोन थेंब पाणी किंवा दूध फिरवून तेही पाजा. दुधाच्या अख्ख्या बाटलीत औषध मिसळू नका. बाळाने अर्धी बाटली टाकली की किती औषध गेलं ते सांगणार कोण? बाळाने डोस ओकला तर लगेच दुसरा देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

पॅरासिटामॉलच्या दोन डोसांमध्ये 4 ते 6 तास हवेत आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त डोस नकोत. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं. ते सोबत चालू असेल तर तेही या हिशेबात येतं, म्हणून त्याचंही लेबल वाचा.

चिठ्ठी वाचतानाही एक जागा निसरडी आहे, ती म्हणजे दशांशाचं टिंब. डॉक्टरांनी शून्य न लिहिता नुसतं '.5' लिहिलं आणि टिंब पुसट असलं की ते 5 वाचलं जातं. दसपट. चिठ्ठीवर असं दिसलं तर दुकानातून निघण्याआधी विचारा, आणि स्वतः कागदावर उतरवताना '0.5' असंच उतरवा. लहान बाळासाठी ड्रॉपरने द्यायच्या औषधाचा आकडा 5 दिसला तर तो बहुधा 0.5 असतो, पण 'बहुधा' वर औषध द्यायचं नाही.

आणि चुकून जास्त गेलंच तर? आधी किती मिलिग्रॅम गेले ते काढा: मिली गुणिले 1 मिलीतले मिलिग्रॅम, आणि त्याला वजनाने भागा. 2 ऐवजी 2.4 मिली गेलं तर 120 मिलिग्रॅम, किलोमागे 15. इथे पुढचा डोस वेळेआधी न देणं पुरेसं आहे. पण ठरलेल्याच्या दुप्पट-चौपट गेलं असेल, किंवा चुकीचं माप दोन-तीन दिवस चालू होतं असं लक्षात आलं, तर बाळ हसतंखेळतं आहे म्हणून घरी थांबू नका. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं आणि पहिल्या दिवशी बरेचदा काहीच दिसत नाही. त्यावरचं औषध रुग्णालयात असतं आणि ते लवकर दिलं तरच नीट काम करतं. जाताना बाटली आणि जिने मोजलं ती सिरिंज, दोन्ही बरोबर न्या. किती दिलं हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं डॉक्टरांना लवकर कळतं. वांती करवू नका.

वापरून झाल्यावर दट्ट्या पूर्ण बाहेर काढून दोन्ही भाग कोमट पाण्याने धुवा आणि वेगवेगळे वाळवा. उकळू नका, त्याने छापलेल्या रेघा जातात आणि रबर आखडतं. रेघा पुसट झाल्या किंवा दट्ट्या अडखळून एकदम पुढे जायला लागला की ती सिरिंज टाका. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे.

रात्री झोपेत चूक होऊ नये म्हणून मी पालकांना सिरिंजवर पांढऱ्या चिकटपट्टीची अरुंद पट्टी लावून देते, पुढचं कडं जिथे थांबायला हवं तिथे तिची कड येईल अशी. पट्टीवर औषधाचं नाव आणि ताकद लिहिते. तुम्हीही लावा, पण ती पट्टी फक्त त्या एका बाटलीची असते. उद्या ड्रॉप्सची नवी बाटली आणाल, तेव्हा तिचं बूच उघडण्याआधी ही पट्टी काढून टाका. 2 च्या पट्टीपर्यंत ड्रॉप्स भरले तर 200 मिलिग्रॅम होतात.